सारांशलेखन: शब्द नंतर खोडण्यापेक्षा मुद्दे आधी ठरव

प्रश्न: मी नववीत आहे. सारांशलेखनात उतारा समजतो, पण लिहायला घेतलं की उताऱ्यातलीच वाक्यं उतरतात. मर्यादा ५० शब्दांची असते आणि माझे ८०-९० होतात. मग खोडत बसतो, त्यात वेळ जातो आणि शेवटचा भाग राहून जातो. ‘स्वतःच्या शब्दांत लिही’ म्हणजे नक्की काय बदलायचं?

उत्तर:

मी बरीच वर्षं शाळेत भाषा शिकवते आणि सारांशाच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे दरवर्षी तपासते. तुझी अडचण वाचताना एक गोष्ट लगेच जाणवली. तुझ्याकडे शब्द कमी नाहीत आणि समजही कमी नाही. तू निवड फार उशिरा करतोस. आधी सगळं लिहितोस आणि काय ठेवायचं, काय टाकायचं ते खोडताना ठरवतोस. उताऱ्यातली वाक्यं जशीच्या तशी उतरतात, शब्द वाढतात आणि शेवट राहतो, या तिन्ही गोष्टी त्या एकाच सवयीतून येतात. म्हणून उत्तरही एकत्रच देते.

आधी परीक्षेप्रमाणे काय बदलतं ते सांगते. काही परीक्षांत ‘उताऱ्याच्या एक तृतीयांश’ असं म्हणतात, काहींत ५० किंवा ६० असा आकडाच देतात. कुठे सारांशाला शीर्षकही मागतात, कुठे नाही. मर्यादा ओलांडल्यावर काय होतं तेही सगळीकडे सारखं नसतं. काही परीक्षक थोडं इकडेतिकडे चालवून घेतात, काही मर्यादेपाशी रेघ मारून पुढचं वाचतच नाहीत. तुझ्या परीक्षेत काय चालतं ते शिक्षकांना विचार आणि प्रश्नपत्रिकेतली सूचना दर वेळी नीट वाच. मी मुलांना ५० ची मर्यादा असेल तर ४५ ते ५० मध्ये थांबायला सांगते. मोजण्यात एक-दोन शब्दांची चूक झाली तरी मग धोका राहत नाही.

आता ५० शब्द म्हणजे नक्की किती जागा, ते पाहू. साध्या मराठी वाक्यात साधारण १० ते १२ शब्द असतात. म्हणजे ५० शब्दांत चार, फार तर पाच वाक्यं बसतात. एका वाक्यात एक मुद्दा नीट मावतो. तेव्हा उतारा हातात घेण्यापूर्वीच तुला एक गोष्ट ठाऊक असते: यातून चार-पाच मुद्देच उचलायचे आहेत. हा हिशेब मनात ठेवून वाचणारा मुलगा वेगळं वाचतो. तो प्रत्येक वाक्यापाशी ‘हे स्वतंत्र सांगायलाच हवं का’ असं विचारत जातो.

एक उतारा घेऊन दाखवते. मी वर्गासाठी लिहिला होता, बरोबर १५० शब्दांचा आहे. सारांश ५० शब्दांत करायचा आहे.

> वटवाघूळ म्हटले की अनेकांच्या अंगावर काटा येतो. अंधारात उडणारा, उलटा लटकणारा हा प्राणी अशुभ असतो, तो केसांत अडकतो, रक्त पितो, अशा कितीतरी गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलेलो असतो. खरे पाहता वटवाघळांच्या १४००हून अधिक जातींपैकी केवळ तीन जाती रक्तावर जगतात. बाकीच्यांतल्या बहुतेक जाती कीटक खातात. डास, पतंग, पिकांवरचे किडे असे असंख्य कीटक त्या एका रात्रीत फस्त करतात. त्यामुळे शेतकऱ्याचा कीटकनाशकांवरचा खर्च वाचतो. हा फायदा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची जाणीवही आपल्याला नसते. फळे खाणारी वटवाघळे तर आणखी एक मोलाचे काम करतात. खाल्लेल्या फळांच्या बिया ती दूरदूर टाकतात आणि उजाड जागी नवी झाडे उगवतात. काही वनस्पतींच्या फुलांचे परागीभवनही तीच करतात. म्हणजे जंगल वाढवणारा हा एक न दिसणारा माळीच म्हणायचा. मात्र वटवाघळांच्या अंगात काही रोगांचे विषाणू असू शकतात, म्हणून त्यांना हात लावू नये किंवा त्यांच्या वस्तीत विनाकारण शिरू नये. पण घाबरून त्यांना मारण्याची काहीच गरज नाही. त्यांची झाडे, गुहा आणि जुन्या पडक्या इमारती तशाच राहू दिल्या, की ती आपले काम निमूटपणे करत राहतात.

वर्गात हा उतारा दिला की बरीच मुलं पहिल्या वाक्यापासून सुरुवात करून असं लिहितात:

> वटवाघूळ म्हटले की अनेकांना भीती वाटते. अंधारात उडणारा, उलटा लटकणारा हा प्राणी अशुभ असतो असे आपण लहानपणापासून ऐकतो. वटवाघळांच्या १४००हून जास्त जातींपैकी फक्त तीन जाती रक्त पितात. बाकीच्या बहुतेक जाती डास, पतंग, पिकांवरचे किडे खातात. त्यामुळे शेतकऱ्याचा खर्च वाचतो.

मोजून बघ, ३९ शब्द झाले. आपण उताऱ्याच्या सहाव्या वाक्यापर्यंतच पोचलो आहोत. बिया, जंगल, रोगाची सूचना आणि मारू नका हे सांगणं, असा अर्ध्याहून मोठा भाग अजून बाकी आहे आणि हातात ११ शब्द उरले आहेत. तुझा शेवट राहतो तो इथे. शिवाय पहिलं आणि तिसरं वाक्य बघ. ‘अंगावर काटा येतो’ ऐवजी ‘भीती वाटते’ घातलं, ‘अधिक’ चं ‘जास्त’ केलं, ‘केवळ’ चं ‘फक्त’ केलं. वाक्यांचा सांगाडा उताऱ्याचाच राहिला. परीक्षकाला हे सरळ ओळखू येतं, कारण त्याच्यापुढे तोच उतारा असतो आणि पन्नास मुलांनी तेच तीन शब्द बदललेले असतात.

तर ‘स्वतःच्या शब्दांत’ म्हणजे समानार्थी शब्द शोधणं नव्हे. उताऱ्यातल्या तीन-चार वाक्यांचा मिळून जो अर्थ मनात उरला, तो नव्या वाक्यात सांगणं म्हणजे स्वतःच्या शब्दांत लिहिणं. हे जमायचं असेल तर लिहिताना डोळ्यांपुढे उतारा नको. वाक्य दिसत असलं की हात तेच उतरवतो, कितीही ठरवलं तरी. म्हणून मी मुलांना उतारा दोनदा वाचायला लावते आणि मग प्रश्नपत्रिका पालथी घालून मुद्दे लिहायला सांगते. वाक्यं लिहायची नाहीत, दोन-चार शब्दांचे तुकडे लिहायचे.

पहिल्या वाचनात पेन्सिल उचलायची नाही. लेखक कशाबद्दल बोलतो आहे आणि शेवटी कुठे पोचतो, एवढंच बघायचं. इथे लेखक भीतीपासून निघतो आणि ‘मारू नका, राहू द्या’ इथे येऊन थांबतो. हे दोन टोक हातात आले की मधलं काय महत्त्वाचं ते ठरवणं सोपं जातं, कारण मधलं सगळं त्या शेवटाला आधार देण्यासाठी आलेलं असतं.

दुसऱ्या वाचनात पेन्सिल घ्यायची आणि दोन गोष्टी शोधायच्या. पहिली म्हणजे वळण दाखवणारे शब्द: ‘खरे पाहता’, ‘त्यामुळे’, ‘मात्र’, ‘पण’, ‘म्हणजे’. लेखक तिथे दिशा बदलतो किंवा निष्कर्ष सांगतो. या शब्दांभोवती गोल कर. दुसरी गोष्ट म्हणजे उदाहरणं आणि याद्या. ‘डास, पतंग, पिकांवरचे किडे’ ही यादी आहे. ‘अशुभ असतो, केसांत अडकतो, रक्त पितो’ हीसुद्धा यादीच. ‘झाडे, गुहा आणि जुन्या पडक्या इमारती’ ही तिसरी. यादीला कंस कर आणि तिच्यावर एकच शब्द लिही, जो तिच्यातल्या सगळ्यांना सामावून घेईल. पहिलीसाठी ‘कीटक’, दुसरीसाठी ‘ऐकीव गोष्टी’, तिसरीसाठी ‘राहण्याच्या जागा’. शब्द वाचवण्याची सगळ्यात मोठी जागा हीच आहे. एकेक शब्द खोडून जेवढं वाचत नाही, तेवढं एक यादी मिटवून वाचतं.

आता पालथ्या प्रश्नपत्रिकेवर लिहिलेले माझ्या एका वर्गातले मुद्दे असे होते: भीती ऐकीव, रक्त पिणारी थोडी, कीटक खातात, शेतीला फायदा, बिया आणि परागीभवन, जंगल, रोग होऊ शकतो, लांब राहा, मारू नका, जागा राखा. तुकडे दहा, पण जोडीजोडीने मुद्दे पाचच. १४०० आणि तीन हे आकडे त्यात आले नाहीत, ते बरोबरच झालं. आकडा सारांशात ठेवायचा की नाही हे तो काय काम करतो यावर ठरतं. इथे आकड्यांचं काम ‘फार थोड्या’ एवढंच सिद्ध करणं आहे, म्हणून ‘मोजक्याच’ हा एक शब्द पुरतो. उताऱ्याचा विषयच एखाद्या वाढीचा किंवा घटीचा असता, तर आकडा ठेवावा लागला असता.

मुद्द्यांवरून पहिला मसुदा असा झाला:

> वटवाघळाला लोक घाबरतात, पण ही भीती ऐकीव गोष्टींमुळे असते. रक्त पिणाऱ्या जाती अगदी थोड्या असतात. बहुतेक वटवाघळे कीटक खातात आणि त्यामुळे पिकांचे नुकसान टळते व शेतकऱ्याचे पैसे वाचतात. काही वटवाघळे बियांचा प्रसार करतात आणि परागीभवन करतात, त्यामुळे जंगल वाढायला मदत होते. त्यांच्यामुळे रोग होऊ शकत असल्यामुळे त्यांच्यापासून लांब राहावे, पण त्यांना मारू नये, तर त्यांच्या राहण्याच्या जागा सुरक्षित ठेवाव्यात.

हे ५९ शब्द आहेत. मर्यादेपेक्षा नऊ जास्त, पण उताऱ्याचा शेवट यात आला आहे आणि वाक्यं मुलांची स्वतःची आहेत. नऊ शब्द कमी करणं हे दोन-तीन मिनिटांचं काम आहे. तुला तीस-चाळीस कमी करावे लागतात, म्हणून वेळ जातो.

कमी करताना विशेषणांवर घाला घालू नकोस, त्याने एक-दोनच शब्द जातात. वाक्यं कुठे जोडता येतात ते बघ. मराठीत यासाठी सुंदर सोय आहे. ‘कीटक खातात आणि त्यामुळे’ याचं ‘कीटक खाऊन’ झालं की चाराचे दोन झाले. ‘प्रसार करतात आणि परागीभवन करतात, त्यामुळे’ यात ‘करतात’ दोनदा आलं आहे, ते ‘बीजप्रसार व परागीभवन करून’ असं झालं. ‘वाढायला मदत होते’ चं ‘वाढवतात’ झालं. ‘त्यांच्यामुळे रोग होऊ शकत असल्यामुळे’ हे पाच शब्द ‘रोगाच्या शक्यतेमुळे’ या दोनांत आले. ‘पिकांचे नुकसान टळते’ आणि ‘पैसे वाचतात’ हे एकाच फायद्याचे दोन उच्चार आहेत, त्यातला एक गेला. आणि खरं तर पिकांच्या नुकसानाबद्दल उताऱ्यात थेट काही म्हटलेलंच नाही, खर्चाबद्दल म्हटलं आहे. मुलांनी ते आपल्या मनाने जोडलं होतं. सारांशात असं जोडणं चूक धरतात, मग ते कितीही पटण्यासारखं असो.

एवढं केल्यावर मसुदा ३९ शब्दांवर आला:

> वटवाघळांची भीती ऐकीव गोष्टींतून येते. रक्त पिणाऱ्या जाती मोजक्याच आहेत. बहुतेक वटवाघळे कीटक खाऊन शेतीतला खर्च घटवतात, तर काही बीजप्रसार व परागीभवन करून जंगल वाढवतात. रोगाच्या शक्यतेमुळे त्यांच्यापासून लांब राहावे, पण त्यांना मारू नये. त्यांच्या राहण्याच्या जागा सुरक्षित ठेवाव्यात.

मुलं इथे थांबायला निघाली होती. मी थांबू दिलं नाही. ५० ची मर्यादा असताना ३९ वर थांबलो, तर बहुधा काहीतरी राहिलेलं असतं. आता पहिल्यांदा प्रश्नपत्रिका सुलट करायची आणि उताऱ्याशी ताडून बघायचं. ‘खर्च’ कसला ते कळत नाही, म्हणून ‘फवारणीचा’ हा शब्द घातला. ‘काही’ ऐवजी ‘फलाहारी जाती’ म्हटलं, कारण उतारा कीटक खाणारे आणि फळं खाणारे असा स्पष्ट भेद करतो. ४१ झाले.

मग मी विचारलं, उताऱ्यात कुठली गोष्ट दोनदा आली आहे? थोड्या वेळाने एका मुलीला सापडली. ‘हा फायदा डोळ्यांना दिसत नाही’ असं एकदा म्हटलं आहे आणि पुढे ‘न दिसणारा माळी’ असं पुन्हा म्हटलं आहे. मुलांनी पहिलं वाक्य सहज आलेलं म्हणून सोडलं होतं आणि दुसरं अलंकारिक म्हणून सोडलं होतं. दोन्ही निर्णय सुटे सुटे पाहिले तर ठीकच वाटतात. पण लेखक एखादी गोष्ट वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगतो तेव्हा ती त्याला महत्त्वाची वाटत असते. इथे तर लोक घाबरतात आणि प्राणी उपयोगी आहे, या दोन विसंगत गोष्टींना जोडणारा दुवाच तो आहे: काम दिसत नाही, म्हणून कळत नाही. ‘पुनरुक्ती गाळा’ असं सगळे शिकवतात, मीही शिकवते. पण गाळायची ती दुसरी वेळ. पहिल्या वेळेला जागा द्यायलाच हवी.

शेवटचा सारांश असा तयार झाला:

> वटवाघळांची भीती ऐकीव गोष्टींतून येते. रक्त पिणाऱ्या जाती मोजक्याच आहेत. बहुतेक वटवाघळे कीटक खाऊन शेतीतला फवारणीचा खर्च घटवतात, तर फलाहारी जाती बीजप्रसार व परागीभवन करून जंगल वाढवतात. ही कामे दिसत नसल्याने लक्षात येत नाहीत. रोगाच्या शक्यतेमुळे त्यांच्यापासून लांब राहावे, पण त्यांना मारू नये. त्यांच्या राहण्याच्या जागा सुरक्षित ठेवाव्यात.

४८ शब्द. ‘परागीभवन’ हा शब्द उताऱ्यातलाच आहे आणि तो तसाच ठेवला. ‘वटवाघूळ’ आणि ‘कीटक’ सुद्धा. विषयाचे नेमके शब्द बदलायचे नसतात. त्यांना दुसरा शब्द शोधायला गेलास तर अर्थ ढळतो किंवा एका शब्दाचे चार होतात. बदल वाक्याच्या घडणीत हवा. मी एक सोपी कसोटी वापरते: तुझ्या सारांशात उताऱ्यातले सलग चार शब्द त्याच क्रमाने आले असतील, तर ते वाक्य पुन्हा लिही. हा कुठल्या मंडळाचा नियम नाही, माझा आहे, पण तपासताना नजर कुठे अडते त्यावरून तो बनला आहे.

लहान करताना अर्थ बिघडण्याची एक जागा फार फसवी असते. उतारा म्हणतो, ‘काही रोगांचे विषाणू असू शकतात’. घाईत मुलं लिहितात, ‘वटवाघळांमुळे रोग होतात’. शब्द वाचले, पण लेखकाने जपून सांगितलेलं आपण ठाम करून टाकलं. ‘काही’, ‘बहुतेक’, ‘शकतात’, ‘सहसा’ हे शब्द छोटे असतात आणि खोडायला सगळ्यात आधी हाताशी येतात. ते काढायचेच असतील तर त्यांचा भार उचलणारा दुसरा शब्द ठेव. वर ‘शक्यता’ या शब्दाने ते काम केलं आहे. ‘बहुतेक’ मात्र ठेवावंच लागलं. ते गेलं असतं तर सगळीच वटवाघळं कीटक खातात असा अर्थ झाला असता आणि पुढच्याच फलाहारी जातींशी तो विसंगत ठरला असता.

शब्द मोजण्याबद्दल थोडं, कारण मराठीत त्याची एक खास गंमत आहे आणि मुलं तिथे नाहक शब्द गमावतात. आपली शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडूनच लिहायची असतात. ‘त्यांच्यापासून’ हा एक शब्द आहे. ‘त्यांच्या पासून’ असं तोडून लिहिलंस तर शुद्धलेखनाची चूक होते आणि मोजताना एकाचे दोनही होतात. ‘शक्यतेमुळे’, ‘घरासमोर’, ‘पिकांवरचे’, ‘मोजक्याच’ हे सगळे एकेक शब्द. या जोडून लिहिण्यामुळे मराठीत थोड्या शब्दांत बरंच मावतं, त्याचा पुरेपूर उपयोग कर. मात्र त्यासाठी ‘पीकरक्षणोपयोगी’ असले लांबलचक समास घडवू नकोस. ते बोलीत नाहीत, वाचताना अडखळायला होतं आणि भाषेचे गुण जातात. ‘आणि’ च्या जागी ‘व’ लिहून एकही शब्द वाचत नाही, हेही लक्षात घे. दोन्ही एकेकच. जोडरेघेचे शब्द, जसं ‘झाडे-झुडपे’, कुणी एक मोजतं तर कुणी दोन. मी दोन धरायला सांगते, म्हणजे वाद उरत नाही. अंकात लिहिलेली संख्या एक शब्द धर.

परीक्षेत प्रत्येक शब्दावर बोट ठेवून मोजायची गरज नाही. घरी स्वतःच्या अक्षरात भरलेल्या दहा ओळी घे, शब्द मोज आणि दहाने भाग. समज, एका ओळीत तुझे आठ शब्द बसतात. मग ५० शब्द म्हणजे सहा ओळी आणि वर दोन शब्द. परीक्षेत मसुदा सात ओळींच्या पुढे गेला की तुला न मोजताच कळेल. नेमकी मोजणी फक्त शेवटच्या मसुद्याची कर आणि समासात पेन्सिलीने आकडा लिही.

वेळेचं म्हणशील तर दीडशे शब्दांच्या उताऱ्याला मी १५ मिनिटं धरते. दोन्ही वाचनं आणि खुणा यांना पाच, मुद्द्यांना दोन, मसुद्याला तीन, जोडाजोड आणि ताडून पाहण्याला तीन, उतरवण्याला दोन. सुरुवातीला यापेक्षा जास्तच लागेल. माझ्या वर्गात पहिल्या महिन्यात कुणालाच १५ मध्ये जमत नाही. वाचनाची पाच मिनिटं मात्र कापू नकोस. तीच कापली की मुद्द्यांच्या जागी पुन्हा वाक्यं येऊ लागतात.

मुलं आणखी दोन गोष्टी सवयीने करतात, त्या टाळ. सुरुवातीला ‘या उताऱ्यात लेखकाने असे सांगितले आहे की’ असं लिहिलंस तर सात शब्द काहीही न सांगता संपतात. थेट विषयाने सुरुवात कर. आणि शेवटी ‘म्हणून आपण निसर्गाचे रक्षण केले पाहिजे’ असं स्वतःचं वाक्य जोडू नकोस. ते उताऱ्यात नाही. उताऱ्याचा शेवट जिथे होतो तिथेच सारांश संपला पाहिजे. उताऱ्यात ‘आपण’ असेल तर सारांशात शक्यतो ‘लोक’ किंवा कर्त्याशिवायचं वाक्य ठेव. वर ‘आपल्याला जाणीव नसते’ चं ‘लक्षात येत नाहीत’ झालं, ते यासाठीच.

शीर्षक मागितलं असेल तर ते सारांश लिहून झाल्यावर दे, आधी नको. दोन ते चार शब्दांचं असावं आणि त्यात विषयाबरोबर लेखकाचा कलही यावा. ‘वटवाघूळ’ हे शीर्षक फार मोघम झालं, ‘उपयोगी वटवाघळे’ चालेल. शीर्षकाचे शब्द मर्यादेत धरतात का, हेही शिक्षकांना आधीच विचारून ठेव.

आणि समजा एवढं करूनही परीक्षेत पाच मिनिटं उरली असताना तुझ्या कागदावर ५७ शब्द आहेत. तेव्हा इथला एक, तिथला एक असे सात शब्द उपटू नकोस. त्याने प्रत्येक वाक्य लंगडं होतं आणि व्याकरणाच्या नव्या चुका शिरतात. मुद्द्यांकडे बघ आणि ज्याच्यावाचून बाकीचे उभे राहतात असा एक मुद्दा पूर्ण काढ. वरच्या सारांशात ते वाक्य ‘ही कामे दिसत नसल्याने लक्षात येत नाहीत’ हे असेल. दुवा आहे, त्यामुळे काढताना वाईट वाटेल. पण बरोबर सात शब्द कमी होतील, उरलेली वाक्यं जशीच्या तशी शाबूत राहतील आणि ‘मारू नये’ हा उताऱ्याचा शेवट तुझ्या कागदावर असेल.